१२० हर्ट्झ येत नाही म्हणून कन्सोल परत करायला निघालात? आधी या चुका टाळा

कन्सोल नवा, टीव्ही नवा आणि तक्रार ठरलेली: “खोक्यावर १२० लिहिलंय, येतंय ६०च.” म्हणजे पडद्यावर सेकंदाला १२० वेळा चित्र बदलायला हवं, बदलतंय ६० वेळाच. दिवाळी झाली की कोल्हापुरात हा फोन कसबा बावड्यातून, नाहीतर मंगळवार पेठेतून, कुठून ना कुठून येतोच. फोन करणाऱ्यानं तोवर कन्सोल फॅक्टरी रिसेट केलेला असतो, दुकानदाराशी वाद घातलेला असतो, नवी महागडी केबलही आणलेली असते. टीव्हीच्या मागं डोकावून बघितलेलं मात्र नसतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. उदाहरण पीएस ५ चं घेतलंय, पण एक्सबॉक्स सिरीज एक्सवाल्यांनीही वाचावं, कारण घोळ बहुतेक वेळा टीव्हीच्या बाजूला असतो.

चूक पहिली: सापडेल त्या पोर्टात केबल खुपसणे

टीव्हीला चार एचडीएमआय पोर्ट आहेत म्हणजे चारही सारखे, हा समज कुठून आला देव जाणे. बऱ्याच टीव्हींत चारपैकी दोनच पोर्ट फोर-के १२० घेतात, काहींत तर एकच. बाकीचे एचडीएमआय २.० चे. त्यांची मर्यादा सेकंदाला १८ गिगाबिट, म्हणजे फोर-केमध्ये ६० पर्यंतच. फोर-के १२० ला जवळजवळ त्याच्या दुप्पट रुंद वाट हवी असते आणि ती २.१ च्या पोर्टातच मिळते. आकार सगळ्यांचा सारखा, त्यामुळे केबल कुठंही बसते आणि चित्रही झकास दिसतं. म्हणूनच संशय येत नाही.

राजारामपुरीतल्या एका घरचं सांगतो. ५५ इंची ब्राव्हिया एक्स ९० एल, खाली साउंडबार, मागं सुताराकडून करून घेतलेलं पॅनेलिंग, सगळ्या वायरी आत गडप. मुलगा इंजिनिअरिंगला. त्याचं म्हणणं ठाम होतं, “दादा, कन्सोलच डिफेक्टिव्ह आहे. मी सगळं करून बघितलंय.” हे ‘सगळं’ म्हणजे रीलमध्ये बघितलेलं सगळं.

मी आधी कन्सोलमध्ये Settings > Screen and Video > Video Output > Video Output Information उघडलं. माझी सुरुवात नेहमी इथूनच. या पडद्यावर दोन गोष्टी असतात. कन्सोल आत्ता काय पाठवतोय ते, आणि जोडलेला टीव्ही काय काय घेऊ शकतो त्याची यादी. पोरं वरचं वाचतात आणि बंद करतात. वाचायची ती यादी. तिच्यात 2160p, म्हणजे फोर-के, याच्या पुढं 60Hz होतं, 120Hz ची ओळच नव्हती. म्हणजे टीव्हीच कन्सोलला सांगत होता की मला ६० च्या वर झेपत नाही. टीव्ही आपला बायोडाटा प्रत्येक पोर्टावर वेगळा देतो आणि स्थळ बघणारा कन्सोल त्यात लिहिलंय तेवढंच खरं धरतो. तिथं १२० नसेल तर कन्सोल बिचारा काय करणार? रिसेट मारून बायोडाटा बदलत नाही.

टीव्ही स्टँडवरून पुढं ओढून मोबाईलच्या टॉर्चनं मागं बघितलं. या मॉडेलला फोर-के १२० घेणारे पोर्ट दोन, ३ आणि ४. त्यातला ३ नंबरचाच ईआर्क, म्हणजे साउंडबारचा. तिथं साउंडबार होता, ते बरोबर. ४ नंबरात सेटटॉप बॉक्स. आणि कन्सोल २ मध्ये. बसवायला आलेल्या माणसानं आधी बॉक्स लावला, उरलेल्यात कन्सोल लावला आणि चहा पिऊन गेला. त्याचा फार दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पण पोर्टाशेजारी 4K 120Hz असं छापलेलं होतं, ते घरातल्या एकानंही वाचलं नव्हतं.

बॉक्स २ मध्ये, कन्सोल ४ मध्ये. काका लगेच, “आमच्या बातम्या दिसतील ना?” दिसतात काका, रिमोटवर फक्त इनपुट बदलायचं. सेटटॉप बॉक्सला २.० चा पोर्टही ऐसपैस होतो.

दोनच चांगले पोर्ट आणि त्यातला एक ईआर्क, हे गणित ज्यांच्याकडं साउंडबार आहे त्यांनी डोक्यात ठेवा. कन्सोल साउंडबारमध्ये आणि साउंडबार टीव्हीत, असली शॉर्टकट जोडणीही नको. जुना साउंडबार मध्ये आला की त्याची १८ गिगाबिटची मर्यादा सगळ्यांना लागू. स्वस्तातल्या एचडीएमआय स्विच-स्प्लिटरचंही तेच. कन्सोल थेट टीव्हीत आणि आवाज ईआर्कमधून साउंडबारला, मी दुसरी जोडणी करतच नाही.

चूक दुसरी: पोर्ट बदलला, पण पोर्टाचं सेटिंग तसंच

त्याच घरात, पोर्ट बदलल्यावर पोरगा खुशीत आला. यादी पुन्हा उघडली, तर अजून 60Hz च. चेहरा पडला. इथंच निम्मे लोक ‘पोर्टाचं काही खरं नाही’ म्हणून परत जुन्या जागी केबल लावतात.

टीव्ही कारखान्यातून येताना बऱ्याचदा त्याचे चांगले पोर्टसुद्धा जुन्या पद्धतीवर ठेवलेले असतात. कारण काही जुन्या उपकरणांना नव्या पद्धतीचा बायोडाटा वाचता येत नाही आणि त्यांचं चित्रच येत नाही. ब्राव्हियात Settings > Channels & Inputs > External inputs > HDMI signal format मध्ये जायचं, आपला पोर्ट निवडायचा आणि ज्या पर्यायाच्या नावात 4K120 किंवा VRR आहे तो घ्यायचा. सॅमसंगमध्ये याच कामाला Input Signal Plus म्हणतात, एलजीत HDMI Deep Colour. नाव काहीही असो, सेटिंग पोर्टागणिक वेगळं असतं. HDMI 3 ला चालू केलं म्हणून HDMI 4 ला चालू होत नाही, आणि उद्या केबल हलवली तर सेटिंग तिच्यामागं जात नाही.

माझी सवय अशी की हे सेटिंग फक्त कन्सोलच्या पोर्टाला करायचं, बाकीचे होते तसे सोडायचे. सगळीकडं चालू करून ठेवणारे आठवड्यानं फोन करतात, “डीव्हीडी प्लेयर दिसंना झालाय.”

सेटिंग बदलून कन्सोल पूर्ण बंद करून चालू केला आणि यादीत 2160p च्या पुढं 120Hz उमटलं. मग कन्सोलमध्ये Video Output खालीच 120 Hz Output ला Automatic केलं.

चूक तिसरी: होम स्क्रीनवर बघून रडणे

यादीत १२० आलं, तरी ‘आत्ता काय चाललंय’ मध्ये ६० दिसत होतं. ते तसंच असतं. पीएस ५ मेनूमध्ये ६० वरच राहतो, १२० ला पाठिंबा देणारा गेम चालू झाला की मग उडी मारतो. त्या क्षणी पडदा एक-दोन सेकंद काळा होतो, त्याला घाबरू नका. तपासायचं तर गेम चालू ठेवून टीव्हीच्या माहितीच्या पट्टीत बघा.

आणि गेमलाही १२० यायला हवं. कोल्हापुरात फुटबॉलचं वेड असल्यानं निम्मी पोरं पहिल्यांदा फिफा २३ लावून बघतात. तो पीएस ५ वर ६० चाच गेम आहे, त्यात १२० शोधू नका. फोर्टनाइटमध्ये 120 FPS Mode हा गेमच्या आत, व्हिडिओ सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो. शिवाय कन्सोलच्या Saved Data and Game/App Settings > Game Presets मध्ये Performance Mode निवडून ठेवा, काही गेम तिथूनच इशारा घेतात.

त्या मुलाला हवा होता गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक. त्यातला High Frame Rate पर्याय टीव्ही १२० घेत असेल तरच चालू होतो. पण चालू झाला म्हणजे १२० फ्रेम मिळाल्या असं नाही. चित्राच्या दर्जाला झुकतं माप दिलंत तर मिळतात ४०. “फक्त ४०?” असं तोंड वाकडं करणाऱ्यांसाठी: ३० वर एक फ्रेम ३३ मिलिसेकंद पडद्यावर राहते, ४० वर २५. आणि १२० ला ४० नं नेमका भाग जातो, प्रत्येक फ्रेम तीन वेळा दाखवली की झालं. ६० च्या टीव्हीत हा हिशेब बसत नाही, काही फ्रेम जास्त रेंगाळतात आणि चालताना चित्र गचके खातं. म्हणजे ४० साठीसुद्धा १२० चा पोर्ट लागतो.

चूक चौथी: खोक्यातली केबल खोक्यातच ठेवणे

गेम चालू झाला, १२० ची उडी बसली आणि दहा मिनिटांत पडदा काळा. परत आला, परत काळा. मधूनच पांढरे ठिपके. आता पोर्टाचा संशय घेऊ नका, हे केबलचं लक्षण आहे. पॅनेलिंगमधून लांबची फिरवून आणलेली केबल होती, लक्ष्मीपुरीतून घेतलेली, वर 4K छापलेली. फोर-के ६० ला ती महिनोन् महिने चालली असती. १२० ला दम टिकला नाही. कन्सोलबरोबर आलेली केबल मात्र कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तिला कुणी हातही लावला नव्हता. कन्सोल टीव्हीजवळ आणला, ती केबल लावली, संपलं. काकूंना शोकेसवर कन्सोल ठेवणं पसंत पडलं नाही, पण वायर लांबवायची तर Ultra High Speed लेबलाची हवी, आणि तीही जितकी आखूड तितकी बरी.

किरकोळ, पण रोजचं

खोक्यावरचं ‘मोशन रेट २००’ किंवा तसलं काही म्हणजे पॅनेलचा वेग नव्हे. पॅनेल ६० चं असेल तर कुठलाही पोर्ट, कुठलंही सेटिंग आणि कुठलीही केबल फोर-के १२० आणणार नाही. विकत घेण्याआधी मॉडेल नंबर टाकून बघा, सेल्समनला विचारू नका.

टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट करा. हो, आधीच. काही टीव्हींना फोर-के १२० अपडेटनंतरच मिळालंय.

सेटिंगशी खेळता खेळता चित्र कायमचं गेलं तर कन्सोल उघडायला बसू नका. तो पूर्ण बंद करा, पॉवर बटण दाबून धरा, पहिली बीप सोडून द्या आणि साधारण सात सेकंदांनी दुसरी वाजली की बोट काढा. सेफ मोड उघडतो. कंट्रोलर यूएसबी केबलनं जोडा, Change Video Output मध्ये जाऊन रिझोल्यूशन खाली आणा. त्याच यादीत खाली रिसेटचे पर्याय आहेत, त्यांना हात लावू नका. सेव्ह गेलेली आणून द्यायचं काम माझ्याकडं होत नाही.