चार पिक्सेलांवर एसएसआयएम: कागदावर केलेला हिशेब

प्रतिमा-संक्षेपाच्या कामात नवा असताना मी दोन निकालांची तुलना फक्त एमएसईवर, म्हणजे त्रुटींच्या वर्गांच्या सरासरीवर, करत असे. तिची मर्यादा मला चार पिक्सेलांच्या एका तुकड्यावरून समजली.

मूळ तुकड्यात 100, 100, 120, 120 ही मूल्ये घ्या. ही एक फिकट कडा आहे. पहिल्या बदलात प्रत्येक पिक्सेल 10 ने वाढवला, म्हणून 110, 110, 130, 130 मिळाले. दुसऱ्यात चारही पिक्सेल 110 केले, म्हणजे कडाच पुसली. प्रत्येक पिक्सेलमागे फरक 10 चाच असल्याने दोन्हींची एमएसई 100 येते.

वांग, बोविक, शेख आणि सिमोन्सेली यांनी 2004 मध्ये मांडलेला एसएसआयएम हा दोन प्रतिमांच्या रचनात्मक साम्याचा निर्देशांक उजळपणा सरासरीवरून आणि कॉन्ट्रास्ट प्रमाण विचलनावरून मोजतो. तिसरे, रचनेचे पद त्यांना गुणले जाते. खाली μ म्हणजे सरासरी, σ म्हणजे प्रमाण विचलन, C1 आणि C2 हे स्थिरांक आणि 255 हे पिक्सेलचे कमाल मूल्य.

```
l = (2·μx·μy + C1) / (μx² + μy² + C1)
c = (2·σx·σy + C2) / (σx² + σy² + C2)
C1 = (0.01·255)² = 6.5025
C2 = (0.03·255)² = 58.5225
```

मूळची सरासरी 110 आणि प्रचरण 100 आहे. पहिल्या बदलात सरासरी 120 होते, त्यामुळे l = 26406.5/26506.5, म्हणजे सुमारे 0.996; विचलन तेच राहिल्याने c = 1. दुसऱ्यात सरासरी तीच, म्हणून l = 1, पण σy शून्य असल्याने अंशात केवळ C2 उरतो आणि c = 58.52/158.52, म्हणजे 0.369. दोन्ही बदलांत रचनेचे पद 1 येते. सपाट तुकड्यातही ते 1 यावे हे मला आजही खटकते, पण तिथे सहप्रचरण आणि σx·σy दोन्ही शून्य असल्याने अंशात व छेदात तोच स्थिरांक उरतो. कडा गेल्याची नोंद त्यामुळे एकटे कॉन्ट्रास्टचे पदच घेते.

तीच 10 ची वाढ काळोख्या तुकड्यात, म्हणजे 0, 0, 20, 20 वर केली, तर सरासरी 10 वरून 20 वर जाते आणि l 0.803 पर्यंत घसरतो. अंधारातला तेवढाच फरक डोळ्यालाही अधिक जाणवतो.

माझी चूक मात्र वेगळीच होती. पिक्सेल 0 ते 1 मध्ये आणले होते, पण स्थिरांक 255 धरूनच काढलेले होते. त्या मापात प्रचरण जेमतेम 0.0015 भरते, तर C2 तब्बल 58.5, साहजिकच पुसलेल्या कडेलाही 0.9999 च्या वर गुण मिळत होते आणि मी आठवडाभर खूश होतो. सगळेच निकाल 1 ला चिकटलेले दिसले, तर आधी कमाल मूल्य तपासावे. `skimage` या पायथन लायब्ररीमध्ये ते `data_range` ने द्यावे लागते; आपल्या उदाहरणात ते 1 केले की C2 = 0.0009 होतो आणि 0.369 पुन्हा मिळतो.

एक बारकावा राहिला: वरचे प्रचरण मी 4 ने भागून काढले आहे. 3 ने भागल्यास ते 133.3 होते आणि c 0.305 येतो, म्हणून हाताचा आकडा जुळला नाही तर भाजक पाहावा.