गती १५० दिसली की पी लाट पुन्हा शोधा: इंटर्नना ईसीजी शिकवताना

मेडिसिन वॉर्डात इंटर्नच्या हातात ईसीजीची पट्टी आली की त्याची नजर आधी माथ्यावर जाते, कारण मशीनने तिथे निदान छापलेलं असतं. शिकवायला बसलात की तो भाग मागे दुमडून टाका. मशीन गती आणि रुंदी बऱ्यापैकी मोजतं, पण पी लाट ओळखताना अनेकदा चुकतं. आणि 'सायनस' हा शब्द एकदा वाचला की समोरच्या प्रत्येक उंचवट्यात पी दिसायला लागते.

क्रम ठरलेला ठेवा आणि इंटर्नला तो मोठ्याने बोलायला लावा: कागद, गती, नियमितपणा, क्यूआरएसची रुंदी, पी लाट आणि शेवटी पी व क्यूआरएसचं नातं. पी सगळ्यात आधी शोधायला लावू नका. क्यूआरएस ठळक असतो, त्यामुळे तो पक्का झाला की उरलेल्या जागेत पी कुठे आहे हा प्रश्न सोपा होतो.

कागद पाहायला दहा सेकंद लागतात. वेग सेकंदाला २५ मिलिमीटर आहे ना आणि प्रमाणखूण १० मिलिमीटर उंच आहे ना, एवढंच बघायचं. मुंबईच्या दमटपणात घामामुळे इलेक्ट्रोड धड चिकटत नाहीत आणि रेषा वरखाली पोहत राहते. अशी पट्टी वाचत बसण्यापेक्षा कातडी कोरडी पुसून दुसरी काढावी.

गतीसाठी दोन आर लाटांमधले मोठे चौकोन मोजून ३०० ला त्या आकड्याने भागायचं. ठोके अनियमित असतील तर हे गणित फसतं. तेव्हा दहा सेकंदांच्या पट्टीतले सगळे क्यूआरएस मोजून सहाने गुणावेत. नियमितपणा नजरेने ठरवू देऊ नका. केसपेपरची कडा पट्टीला लावायची, तीन आर लाटांवर पेन्सिलीने खुणा करायच्या आणि कडा पुढे सरकवायची. खुणा पुढच्या आर लाटांवर बसल्या तर लय नियमित. एवढी सवय लागली तरी अर्ध्या चुका टळतात, म्हणून यावर घाई करू नका.

आता क्रमाचा खरा कस लावणारी पट्टी घेऊ. समजा, ६२ वर्षांच्या काकू दोन तासांपासून धडधडतंय म्हणून कॅज्युअल्टीत आल्या आहेत. ताप नाही, रक्तदाब ११८/७६, शुद्ध नीट. मशीनने छापलंय, सायनस टॅकिकार्डिया. इंटर्न म्हणतो, "सर, पी दिसतेय, पीआर ०.२० सेकंद, म्हणजे नॉर्मल. सलाइन लावू का?"

त्याला क्रमाने चालवा. कागद ठीक आहे. दोन आर लाटांमध्ये बरोबर दोन मोठे चौकोन, म्हणजे गती १५०. कडेवरच्या खुणा शेवटपर्यंत जुळतात. क्यूआरएस दोन छोट्या चौकोनांचा, म्हणजे ०.०८ सेकंद, अरुंद. इथे थांबून विचारा की ६२ वर्षांच्या बाई ताप, रक्तस्राव किंवा वेदना नसताना पडल्यापडल्या १५० पर्यंत कशा पोहोचल्या? २२० मधून वय वजा केलं तर ढोबळ कमाल गती १५८ येते. जिने चढून धापा टाकणाऱ्या माणसाचा आकडा खाटेवर निपचित पडलेल्या माणसात दिसतोय. शिवाय गती वाढते तसा सायनस लयीतला पीआर सहसा आखडतो, त्यामुळे १५० ला ०.२० हा आकडा खटकायला हवा.

मग पी लाट. सायनसची पी लीड दोनमध्ये वर आणि एव्हीआरमध्ये खाली असते. काकूंच्या लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये तो उंचवटा नाहीच, उलट खाली झुकणारी, करवतीच्या दातासारखी रेषा आहे. व्ही-१ मध्ये मात्र छोटी टोकदार लाट वर दिसते. तिचं अंतर मोजायला लावा: आधीच्या आरपासून पाच छोटे चौकोन, पुढच्या आरपर्यंतही पाच. लाट दोन क्यूआरएसच्या अगदी मधोमध असेल तर तशीच दुसरी लाट क्यूआरएसच्या आत दडलेली असण्याची शक्यता धरायची. याला बिक्सचा नियम म्हणतात. तसं धरलं तर कर्णिकेचे ठोके दर पाच छोट्या चौकोनांना, म्हणजे मिनिटाला ३००. हा एट्रियल फ्लटर आहे आणि दोनांपैकी एकच ठोका खाली उतरतोय.

खात्रीचा बिनखर्चिक मार्ग म्हणजे दहा मिनिटांनी दुसरी पट्टी. सायनसची गती श्वासाने, पाण्याने, धीर दिल्याने थोडी तरी हलते, १५० ची १४२ होते. अशा फ्लटरची १५० वर खिळून राहते. सलाइनच्या बाटल्या देत तासभर वाट बघण्यात तोटा हाच की गती उतरत नाही, आणि गुठळीच्या धोक्याचा विचार मात्र लांबतो.

शंका उरली तर सीनियरच्या उपस्थितीत एडेनोसिन. कोपराच्या खड्ड्यातल्या मोठ्या शिरेतून ६ मिलिग्रॅम झटक्यात आणि लगेच २० मिलिलिटर सलाइनचा जोरदार फ्लश, गरज पडल्यास पुढचा डोस १२. डिफिब्रिलेटर जवळ हवा. दम्याच्या रुग्णाला किंवा अनियमित रुंद क्यूआरएस असताना हे करू नये. काकूंना आधी सांगा, "काही सेकंद छातीत दडपल्यासारखं वाटेल, लगेच जाईल." सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे औषध दिलं, पण पट्टी चालू ठेवली नाही. एडेनोसिन फ्लटर सहसा मोडत नाही. ते फक्त एव्ही नोड काही सेकंद अडवतं, आणि तेवढ्यातच क्यूआरएसविना करवतीचे दात उघडे पडतात. निदान त्या पट्टीत असतं. एव्ही नोडमधल्या फेऱ्याची टॅकिकार्डिया असेल तर ती मात्र बहुधा तिथेच तुटते. रक्तदाब कोसळला किंवा रुग्ण गुंगीत गेला तर हा शोध बाजूला ठेवून सिंक्रोनाइज्ड शॉकसाठी हाक मारायची.

इंटर्नच्या डोक्यात '१५० म्हणजे फ्लटर' एवढंच बसलं तरी घोटाळा होतो. लय आवरणाऱ्या काही औषधांनी फ्लटर मंदावतो. कर्णिकेची गती २२० असेल तर पट्टीवर ११० दिसेल. कर्णिकेची गती ३०० च असून चारांपैकी एकच ठोका उतरत असेल तर ७५, आणि तेव्हा कुणाला संशयही येत नाही. म्हणून पी आणि क्यूआरएसच्या नात्याची पायरी गती बरी दिसली म्हणून गाळायची नाही.

याची दुसरी बाजूही शिकवा. पार्किन्सनचा कंप सेकंदाला साधारण पाच वेळा होतो, म्हणजे मिनिटाला ३००, हुबेहूब फ्लटरचा आकडा. ओळखायची खूण लीडच्या जोडणीत आहे. लीड एकमध्ये दोन्ही हात येतात, दोनमध्ये उजवा हात आणि डावा पाय, तीनमध्ये डावा हात आणि डावा पाय. कंप फक्त उजव्या हाताला असेल तर एक आणि दोनमध्ये करवत दिसेल आणि तीन स्वच्छ राहील. खरा फ्लटर एका हाताला वगळत नाही. पट्टी हातात धरून वाद घालण्यापेक्षा इंटर्नला खाटेपाशी पाठवा. हात उशीवर टेकवून, "काका, हात सैल सोडा" म्हणत पुन्हा लीड तीन आणि व्ही-१ काढायला सांगा.