टीव्हीवर क्लाउड गेमिंग: या चुका टाळा

गेम अडकायला लागला की लोक आधी इंटरनेटचा प्लॅन वाढवतात. हे बघून आता वैताग येतो. १०८०पी आणि ६० फ्रेम्ससाठी साधारण २५ एमबीपीएस पुरतात, ४के असेल तर ४५ धरा. त्यापुढचा वेग बटणाला तत्पर करत नाही. तिथे पिंग, म्हणजे गेम चालवणाऱ्या दूरच्या सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन परत यायचा वेळ, कमी लागतो आणि स्थिर लागतो. सर्व्हरपर्यंत ४० मिलिसेकंदांच्या आत असेल तर उत्तम. ८० च्या वर गेला की हात आणि पडदा यांची फारकत होते.

माझ्या मावसभावाकडे २०० एमबीपीएसचा प्लॅन होता, तरी फुटबॉलमधला पास उशिरा सुटायचा आणि मधूनच चित्राचे चौकोन व्हायचे. फोनवर राउटरशेजारी उभं राहून स्पीड टेस्ट केली की आकडा झकास. पण टीव्ही होता दोन भिंतींपलीकडे, २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर, आणि कंट्रोलरचा ब्लूटूथही त्याच पट्ट्यात. मी टीव्हीजवळ विंडोजचा लॅपटॉप ठेवला, त्याच वायफायला जोडला आणि राउटरलाच पिंग लावला:

```
ping -t 192.168.1.1
```

(तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असू शकतो.) चार, पाच, मग एकदम १३०, पुन्हा सहा. म्हणजे दोष घरातच होता, बाहेरच्या लाइनमध्ये नव्हता. लांब लॅन केबल ओढली आणि पिंग एकवर येऊन थांबला. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, त्याची काळजी करू नका, एवढ्यात ४के आरामात बसतं. केबल शक्यच नसेल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा आणि राउटर त्याच खोलीत आणा. रिपीटर लावून वेळ मारून नेणं मला पटत नाही, कारण साधा रिपीटर तेच पॅकेट पुन्हा हवेत सोडतो आणि उशीर वाढवतो.

राउटरचा पिंग शांत, पण गेम अडकतोच? मग खेळता खेळता घरात कुणाचे फोटो अपलोड होताहेत का बघा. अपलोड भरला की पॅकेट राउटरमध्ये रांगेत उभी राहतात. राउटरमध्ये क्यूओएस, म्हणजे कोणत्या कामाला किती वेग द्यायचा ते ठरवायची सोय, असेल तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या थोडी खाली ठेवा.

दुसरी चूक टीव्हीची. भावाकडे केबल लावूनही बटण जड वाटत होतं, कारण पिक्चर मोड ‘सिनेमा’वर होता. चित्र गुळगुळीत करणारी प्रक्रिया काही टीव्हींवर १०० मिलिसेकंदांपर्यंत खाते. गेम मोडमध्ये तेच १०-२० वर येतं. एचडीएमआयला जोडलेल्या कन्सोलसाठी टीव्ही हा मोड आपोआप लावू शकतो, पण टीव्हीतल्याच ॲपमध्ये तसं होईलच असं नाही. ॲप सुरू असतानाच सेटिंग उघडून खात्री करा.

साउंडबार ब्लूटूथवर ठेवू नका, आवाज मागे पडतो.

सगळं जुळलं तरी बटण ते चित्र हा प्रवास १०० मिलिसेकंदांच्या आसपास राहतो. कथानकाचे, शर्यतीचे गेम त्यात छान चालतात. अचूक वेळेवर अडवायच्या लढाईच्या गेमसाठी मी कन्सोलच वापरतो.