कंपनीच्या यादीतून गेलेल्या मिक्सरचा कपलर कसा मिळाला

आईंच्या जुन्या मिक्सरची मोटर उत्तम फिरत होती, पण भांड्यातलं पातं जागेवरच अडायचं आणि रबर जळल्याचा वास यायचा. म्हणजे मोटरची फिरकी भांड्यातल्या पात्यापर्यंत पोचवणाऱ्या कपलरचे दात झिजलेले. कंपनीच्या यादीत मॉडेलच उरलं नव्हतं. सर्व्हिस सेंटरनं नवीन मिक्सर घ्यायला सांगितलं. पण कपलर मॉडेलच्या नावावर नाही, मापावर बसतो.

आधी प्लग काढला. खालचं झाकण उघडून मोटरच्या दांड्याची खाच स्क्रूड्रायव्हरनं धरली आणि वरून कपलर फिरवला. मोटर ज्या दिशेनं फिरते त्याच दिशेनं तो सुटतो. उलट जोर लावला तर आणखी आवळतो. त्यामुळे काढण्यापूर्वी ती दिशा माहीत असलेली बरी.

मग जुना कपलर आणि भांडं, दोन्ही घेऊन इंदूरच्या महाराणी रोडवर गेले. फोटो दाखवून हे काम होत नाही. दुकानदार काकांनी दात मोजले, आटे जुळवले, उंची पाहिली. पहिला नग दातांत बसला, पण उंच होता: भांडं तळाशी टेकेना, डुलत राहिलं. असा नग घेऊ नये, नवे दातही लवकर झिजतात. दुसऱ्या कंपनीच्या मॉडेलचा नग मात्र अचूक बसला. भांड्याखालचा जोडीचा कपलरही झिजला होता, तोही बदलला, नाहीतर जुन्यानं नवा खाल्ला असता.

घरी आधी रिकामं, मग थोडं पाणी घालून फिरवलं. आता शेंगदाण्याचं कूट नीट होतं.