पॉडकास्टच्या नव्या भागाची कॅप्शन : एकच मुद्दा आणि ऐकण्याची लिंक

पॉडकास्टच्या निर्मितीत नव्याने आलेल्या व्यक्तीकडे बहुतेक वेळा पहिले काम येते ते नव्या भागाची कॅप्शन लिहिण्याचे. माझ्याकडेही तेच आले आणि पहिल्या काही महिन्यांत मी ते चुकीच्या पद्धतीने केले. झोपेवरच्या एका भागासाठी मी लिहिले होते, ‘नवा भाग आला आहे. झोप, कॉफी, ताण आणि दिनचर्या अशा अनेक विषयांवर तज्ज्ञांशी मनमोकळ्या गप्पा. नक्की ऐका.’ या तीन वाक्यांत खोटे काहीच नव्हते, परंतु कोणत्याही झोपविषयक मुलाखतीला ती तशीच्या तशी चालली असती. वाचणाऱ्याला त्यातून विषय कळत होता, पण त्या तासाभराच्या संभाषणात कोणती नवी गोष्ट सांगितली गेली हे कळत नव्हते.

त्याच भागाची कॅप्शन मी पुन्हा कशी लिहिली, ते इथे सविस्तर सांगतो.

सुरुवात ऐकण्यापासून करावी लागते, आणि तेही संपादन पूर्ण झालेल्या ध्वनिमुद्रणापासून. संभाषणाच्या कच्च्या लिखित प्रतीवरून मुद्दा निवडला, तर नेमके तेच वाक्य संपादनात कापले गेल्याचे नंतर लक्षात येते. मी ऐकताना फक्त अशा जागांची वेळ टिपतो, जिथे प्रश्न विचारणारा स्वतः थांबला, त्याने ‘म्हणजे नेमके काय?’ असे पुन्हा विचारले किंवा त्याचा अंदाज चुकला. या भागात अशा तीन जागा सापडल्या. त्यांतली दोन वाक्ये आधीचा संदर्भ सांगितल्याशिवाय समजत नव्हती, म्हणून ती गळली. तिसरी जागा कॅफीनची होती. रक्तातील कॅफीन निम्मे होण्यास निरोगी प्रौढ व्यक्तीत सरासरी सुमारे ५ तास लागतात, असे पाहुण्या डॉक्टरांनी सांगितले होते.

हे वाक्य खरे आहे, पण ते पाठ्यपुस्तकातले वाटते. वाचणाऱ्याच्या दिवसात ते ठेवले की त्याचे रूप बदलते. मी लिहिले :

‘दुपारी चारला घेतलेल्या कॉफीतले जवळपास अर्धे कॅफीन रात्री नऊ वाजताही अनेकांच्या शरीरात असते.’

यातील ‘अनेकांच्या’ हा शब्द मी पहिल्या मसुद्यात लिहिला नव्हता; तिथे ‘सगळ्यांच्या’ असे होते. मी ते वाक्य प्रसिद्धीपूर्वी पाहुण्यांना पाठवले आणि त्यांनी लगेच आक्षेप घेतला. काहींच्या शरीरात हेच काम दोन-तीन तासांत होते, तर काहींना नऊ तासांपर्यंतही लागतात, असे त्यांनी मुलाखतीतच स्पष्ट केले होते आणि मी वाक्य आटोपशीर करण्याच्या नादात ते गाळले होते. तेव्हापासून निवडलेले वाक्य पाहुण्यांना दाखवल्याशिवाय मी पुढे जात नाही. कॅप्शन लहान असते म्हणून तिच्यातल्या विधानाची जबाबदारी कमी होत नाही. उलट भाग न ऐकणाऱ्यांपर्यंत पोहोचते ती फक्त कॅप्शनच.

या आक्षेपातूनच कॅप्शनचे दुसरे वाक्य मिळाले. पहिले वाक्य एकटे ठेवले असते, तर वाचणाऱ्याला माहिती मिळाली असती आणि तो पुढे सरकला असता, कारण ऐकण्यासाठी काही उरलेच नसते. म्हणून त्याखाली लिहिले : ‘मग तोच कप घेऊन एखादा मध्यरात्रीपर्यंत जागा राहतो आणि दुसरा दहाला गाढ झोपतो, असे का?’ या प्रश्नाचे उत्तर भागात होते. कॅफीनचे विघटन मुख्यतः यकृतातील एक विकर करते, त्याची गती माणसागणिक वेगळी असते, गरोदरपणात ती बरीच मंदावते आणि धूम्रपान करणाऱ्यांत वाढते, हे डॉक्टरांनी सावकाश उलगडून सांगितले होते. पहिल्या वाक्यात एक गोष्ट पूर्णपणे द्यावी आणि तिच्यातून निघणारा प्रश्न तेवढा राखून ठेवावा, असे माझे मत आहे. ‘हे ऐकून तुम्ही थक्क व्हाल’ अशा वाक्यात काहीच दिलेले नसते, म्हणून ते मी लिहीत नाही.

पहिल्या वाक्याच्या लांबीकडे लक्ष द्यावे लागते. इन्स्टाग्रामवर कॅप्शन २२०० अक्षरांपर्यंत लिहिता येते, परंतु फीडमध्ये साधारण पहिली सव्वाशे अक्षरेच दिसतात आणि बाकीचा मजकूर घडी घातल्यासारखा आत जातो. देवनागरीत ही मोजणी फसवी असते, कारण काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलन्त ही चिन्हे संगणक स्वतंत्र मोजतो. ‘कॉफी’ आपल्याला दोन अक्षरांचा शब्द वाटतो, पण तो चार मोजला जातो आणि ‘क्षेत्र’ सात. वरचे कॉफीचे वाक्य या हिशेबाने ९१ भरते, म्हणून ते घडीच्या आधी पूर्ण दिसते. पाहुण्यांचे नाव, पदव्या आणि भागाचा क्रमांक मी त्यामुळेच खाली नेतो.

आता लिंक. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये दिलेली लिंक दाबता येत नाही, तरीही नवखे लेखक लांबलचक पत्ता तिथे चिकटवतात. तिथे ‘प्रोफाइलमधील पहिली लिंक’ असे नेमके लिहावे आणि स्टोरीमध्ये लिंकचे स्टिकर लावावे. इतरत्र लिंक थेट देता येते, पण ती त्या भागाचीच असावी. स्पॉटिफायच्या पत्त्यात `/show/` असेल तर ऐकणारा संपूर्ण कार्यक्रमाच्या पानावर जातो, `/episode/` असेल तर त्या भागावर. ॲपल पॉडकास्ट्सच्या पत्त्यात शेवटी `?i=` आणि पुढे आकडा नसेल, तर तीही कार्यक्रमाचीच लिंक असते. प्रसिद्धीच्या दिवशी ही चूक लक्षात येत नाही, कारण नवा भाग तेव्हा यादीत सर्वांत वर असतो. महिन्याभराने आलेल्या वाचकाला मात्र कॉफीचा भाग शोधत बसावे लागते.

यूट्यूबवर वेळही जोडता येते. कॅफीनचा प्रश्न १८ मिनिटे ३० सेकंदांवर विचारला गेला होता, म्हणजे १११० सेकंद :

```
https://youtu.be/VIDEO_ID?t=1110
```

उत्तराऐवजी प्रश्नाची वेळ द्यावी, म्हणजे ऐकणाऱ्याला संदर्भ मिळतो.

कॅप्शन कुठे चुकली हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर कळते. पोस्ट पुष्कळांनी जतन केली, पण लिंक थोड्यांनीच दाबली, तर बहुधा कॅप्शनमध्येच सर्व सांगून झाले आहे किंवा लिंक सापडत नाही. लिंक अनेकांनी दाबली, पण ऐकण्याचा आलेख पहिल्या काही मिनिटांतच कोसळला, तर कॅप्शनने सांगितलेली गोष्ट भागात फार उशिरा येते. मात्र या मोजणीला मर्यादा आहे. पत्त्यामागे `utm_source` सारखे चिन्ह जोडून कोण कुठून आले हे पाहता येते ते फक्त स्वतःच्या संकेतस्थळावरच्या पानापुरते. श्रोता पुढे ऐकण्याच्या ॲपमध्ये गेला की तो माग तुटतो.

कॉफीच्या भागात आलेख असाच कोसळला होता, कारण इन्स्टाग्रामवरून आलेल्यांसाठी भाग पहिल्या सेकंदापासून सुरू होत होता आणि कॅफीनचा विषय अठरा मिनिटांनी येत होता. म्हणून कॅप्शनच्या शेवटी ‘कॉफीचा मुद्दा : १८:३०’ अशी ओळ मी जोडली, आणि पुढच्या भागापासून निवडलेल्या उत्तराचा वीस सेकंदांचा तुकडा आरंभीच ठेवण्याची विनंती संपादकांना केली.