अडकलेल्या रिफंडची तक्रार कशी लिहावी

‘रिफंड आमच्याकडून गेला, बँकेत विचारा,’ असं कंपनी सांगते आणि बँक म्हणते, काहीच आलेलं नाही. या टोलवाटोलवीत माणूस चिडून लांबलचक लिहितो. पण कंपनीच्या माणसाला उत्तर द्यावंच लागेल, अशी एकच गोष्ट मागायची असते. ती म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक.

कार्डाने पैसे भरले असतील तर एआरएन, यूपीआयने भरले असतील तर आरआरएन किंवा यूटीआर. पैसे खरंच निघाले असतील तर हा क्रमांक तयार झालेला असतो आणि त्यावरून बँक ते शोधू शकते. कंपनी तो देतच नसेल तर पैसे बहुधा तिच्याकडेच आहेत.

आधी ज्या खात्यातून किंवा कार्डावरून पैसे दिले, त्याचंच स्टेटमेंट पाहा. क्रेडिट कार्डाचा रिफंड बचत खात्यात दिसत नाही. कंपनीने ॲपमधल्या वॉलेटमध्ये तर टाकला नाही ना, हेही बघा.

मग तारखांच्या क्रमाने लिहा. समजा, जुळे सोलापुरातल्या एका ग्राहकाने मिक्सर परत केलाय:

‘3,499 रुपयांचा मिक्सर 4 जूनला परत दिला, पिकअपची पावती आहे. 6 जूनला “रिफंड पाठवला, 7 कामकाजी दिवसांत मिळेल” असा तुमचा ईमेल आला. पैसे यूपीआयने भरले होते. त्याच खात्याचं 20 जूनपर्यंतचं स्टेटमेंट तपासलं, रक्कम जमा नाही. रिफंडचा आरआरएन कळवा किंवा 25 जूनपर्यंत रक्कम जमा करा. तक्रार क्रमांक सोबत देत आहे.’

एवढं पुरे. ‘चोर’, ‘फसवे’ असे शब्द घातले की उत्तर त्या शब्दांनाच मिळतं, पैशांचं राहून जातं. ‘खूप दिवस झाले’ असंही लिहू नका, तारीख लिहा.

तक्रार सोशल मीडियावर टाकत असाल, तर मोबाईल नंबर, खाते क्रमांक आणि ऑर्डरचा स्क्रीनशॉट सगळ्यांना दिसेल असा टाकू नका. अशा तक्रारींवर टपलेले भामटे कंपनीच्या नावाने फोन करतात. रिफंड घ्यायला ओटीपी किंवा यूपीआय पिन लागत नाही. तो मागणारा माणूस कंपनीचा नाही. ऑर्डर क्रमांक कंपनीच्या अधिकृत खात्यालाच खासगी संदेशात द्या.

दिलेली मुदत टळली तर हाच मजकूर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचं नाव वेबसाइटवर देणं बंधनकारक आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. तरीही पैसे आले नाहीत, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुढे ग्राहक आयोगात जायचं झालं, तर कंपनीच्या शहरात खेटे घालायला नकोत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो तिथे, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातच तक्रार दाखल करता येते.