गुंतवणूकदाराच्या अवघड प्रश्नांची तयारी: आधी आपलाच प्लॅन लाल पेनाने वाचा

बिझनेस प्लॅन लिहून झाला की दोन दिवस बाजूला ठेवा. मग त्याची छापील प्रत घ्या आणि प्रत्येक आकड्याशेजारी लिहा, ‘कशावरून?’ उत्तर सुचत नसेल तिथे लाल खूण करा. अवघड प्रश्न बहुतेक वेळा या खुणांवरच येतात.

सुरुवात मार्जिनपासून करा, कारण पुढचे स्पर्धेचे आणि टीमचे प्रश्न त्यातूनच निघतात. समजा तुम्ही घरपोच वस्तू विकता आणि प्लॅनमध्ये ग्रॉस मार्जिन 60 टक्के लिहिलंय. म्हणजे 100 च्या विक्रीत मालाचा खर्च 40. आता ‘इतर खर्च’ या रकान्यात काय काय दडलंय ते पाहा. डिलिव्हरी 8, ऑनलाइन पेमेंटचं शुल्क 3, परत आलेल्या मालाचं नुकसान 6, ग्राहकसेवा 5. प्रत्येक ऑर्डरमागे होणारा हा 22 चा खर्च वजा केला की हातात 38 उरतात. नवा ग्राहक मिळवायला जाहिरातीवर 24 लागत असतील, तर पहिल्या ऑर्डरवर उरले फक्त 14. ही फोड गुंतवणूकदाराने करून दाखवण्याआधी तुम्हीच मांडा. त्याने दाखवली तर तुम्ही लपवत होतात असं वाटतं, आणि मग बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

आता स्पर्धा. ‘आम्हाला स्पर्धकच नाही’ हे वाक्य आधी खोडा; ग्राहक आज तुमच्याशिवाय काम कसं भागवतो, तोच तुमचा पहिला स्पर्धक. मग स्वतःला विचारा: मोठ्या कंपनीने भाव 10 टक्के उतरवला आणि आपल्यालाही उतरवावा लागला तर? खर्च जवळपास तेवढाच राहतो, म्हणून 38 चे 28 होतात आणि पहिल्या ऑर्डरवर जेमतेम 4 उरतात. पण परत आलेल्या ग्राहकासाठी जाहिरातीचे 24 पुन्हा लागत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या ऑर्डरचे 28 जवळजवळ सगळे तुमचे. तेव्हा ‘आमची क्वालिटी चांगली आहे’ एवढ्याने भागत नाही. सहा महिन्यांपूर्वीच्या पहिल्या 100 ग्राहकांपैकी किती जण पुन्हा आले, तो आकडा उत्तरात हवा. तो कमी असेल तर तसं सांगा आणि काय बदलून पाहताय तेही सांगा.

टीमचं पान बहुधा पदव्यांनी भरलेलं असतं. त्याऐवजी वरच्या प्रत्येक आकड्यापुढे एक नाव लिहा. डिलिव्हरीचा खर्च 8 वरून 6 वर कोण आणणार? नावच नसेल, तर जागा रिकामी आहे, माणूस कधी घेणार आणि तोवर ते काम कोण बघतंय, एवढं सरळ सांगा. सहसंस्थापक सोडून गेला तर त्याच्या शेअर्सचं काय, हाही प्रश्न हमखास येतो. ते चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतील असा लेखी करार नसेल, तर मीटिंगआधीच उरकून घ्या.

शेवटी या धंद्यात नसलेल्या कुणाला तरी प्रश्न विचारायला बसवा. तुमच्या प्रत्येक उत्तरानंतर त्याने फक्त ‘का?’ म्हणायचं. तिसऱ्या ‘का?’ला गाडी अडली, की तिथे पुन्हा लाल खूण करा.